यादीतले नाव आणि समोरचा माणूस

परिषदेच्या नोंदणी टेबलावर संगणकातला साधा शोध अक्षर न् अक्षर जुळवून पाहतो. स्वयंसेवकाने `Jadhav` असे टाइप केले आणि यादीत `Jadhao` असेल, तर पडद्यावर ‘नाव सापडले नाही’ एवढेच येते. पाहुण्याने महिन्यापूर्वी पैसे भरलेले असतात, पावती त्याच्या फोनमध्ये असते आणि मागची रांग वाढत असते. यावरचा उपाय म्हणजे फझी सर्च, अर्थात ढोबळ शोध. तो थोड्याफार फरकाने जुळणारी नावेही शोधतो आणि जास्त जुळणारे वर, कमी जुळणारे खाली अशी मांडून दाखवतो. तो नीट बसवला तर टेबलावरचा खोळंबा जवळजवळ संपतो. निष्काळजीपणे बसवला, तर मात्र एका माणसाची हजेरी दुसऱ्याच्या नावावर लागते. नाव न सापडण्यापेक्षा हे वाईट, कारण ही चूक त्या क्षणी कोणाच्याच लक्षात येत नाही.

हे नीट समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. पुण्यात शिक्षकांची दोन दिवसांची परिषद आहे आणि ६०० जणांनी नोंदणी केली आहे. यादी तीन ठिकाणांहून गोळा झाली आहे: लोकांनी स्वतः भरलेला ऑनलाइन अर्ज, शाळांच्या कार्यालयांनी पाठवलेले तक्ते आणि पैसे जमा झाल्याची बँकेची नोंद. एकाच शिक्षकाचे नाव या तिन्ही ठिकाणी तीन प्रकारे लिहिलेले असू शकते, आणि त्यातले एकही चूक नसते.

मराठी नावांच्या बाबतीत फरकाचे सर्वांत मोठे कारण रोमन लिपी हे आहे. मराठी नाव रोमन अक्षरांत कसे लिहायचे याचा सर्वांनी पाळलेला एकच नियम नाही. जाधव हे आडनाव पश्चिम महाराष्ट्रात बहुधा `Jadhav` असे लिहितात, तर विदर्भात अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या `Jadhao` चालत आले आहे. वाघ हे `Wagh` आणि `Vagh`, लक्ष्मी हे `Laxmi` आणि `Lakshmi`, जोशी हे `Joshi` आणि क्वचित `Joshee`. ज्ञानेश्वर हे मराठी उच्चाराप्रमाणे `Dnyaneshwar`, हिंदी वळणाने `Gyaneshwar` आणि संस्कृत वळणाने `Jnaneshwar` होते. दक्षिणेत ‘त’साठी `th` लिहिण्याची पद्धत आहे, त्यामुळे बंगळुरूत वाढलेली गीता `Geetha` असते आणि पुण्यातली `Geeta`. गोव्यात पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगे अजून कागदपत्रांत आहेत. कामत तिथे `Camotim` आणि नाईक `Naique` असे लिहिलेले सापडते. हे लिहिणाऱ्यांच्या लेखी हेच बरोबर स्पेलिंग असते, म्हणून ते दुरुस्त करण्याचा अधिकार नोंदणी टेबलाला नाही.

दुसरे कारण नावाच्या घटकांचा क्रम. महाराष्ट्रातल्या शाळांच्या दाखल्यांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे नाव असा क्रम रूढ आहे. ऑनलाइन अर्जात तोच माणूस स्वतःचे नाव आधी लिहितो आणि मधले नाव गाळतो किंवा त्याचे एक अक्षर ठेवतो. बँकेच्या नोंदीत मधले नाव पूर्ण असते. त्यात भर म्हणून डॉ., प्रा., श्रीमती, अॅड. ही बिरुदे कधी लागतात, कधी गळतात. वसंत आणि वसंतराव, ज्ञानेश्वर आणि ज्ञानोबा हे एकच माणूस असू शकतात. साध्या टायपिंगच्या चुका या सगळ्यानंतर येतात. त्यांचा वाटा लोकांना वाटतो तेवढा मोठा नसतो.

म्हणूनच शोधाची खरी मेहनत दोन शब्द किती सारखे आहेत हे मोजण्याच्या आधीच करायची असते. यादीतल्या प्रत्येक नावापासून एक शोध-रूप तयार करून मूळ नावाशेजारच्या रकान्यात ठेवायचे. त्यासाठी सर्व अक्षरे लहान करायची, टिंबे आणि स्वल्पविराम काढायचे, एकापेक्षा जास्त जागा एकच करायची, बिरुदे गाळायची. मग स्पेलिंगच्या ठरावीक जोड्या एका रूपात आणायच्या: `w` चा `v`, `ee` चा `i`, `oo` चा `u`, `x` चा `ksh`, `dny` आणि `jn` चा `gy`, शब्दाच्या शेवटच्या `ao` चा `av`. शेवटी नावातले शब्द वर्णक्रमाने लावायचे, म्हणजे आडनाव आधी की नंतर हा प्रश्नच उरत नाही. स्वयंसेवक जे टाइप करील त्यावरही हीच प्रक्रिया होते आणि तुलना दोन शोध-रूपांची होते.

या शोध-रूपाबद्दल एक गैरसमज नेहमी आढळतो. ते वाचायला बरोबर दिसावे अशी अपेक्षा नसते. भीमरावचे `bhimrav` झाले तरी बिघडत नाही, कारण दोन्ही बाजूंना तेच होते. ते पडद्यावर दिसत नाही, बिल्ल्यावर छापले जात नाही. पाहुण्याला दिसते ते त्याने स्वतः लिहिलेले स्पेलिंगच. बिल्ल्यावर `Jadhao` चे `Jadhav` झालेले पाहून दुखावलेला माणूस संयोजकांना दिवसभर ऐकवतो, आणि त्याचे ते रास्तच असते.

यादी देवनागरीत असेल तर रोमन स्पेलिंगचा प्रश्न मिटतो, पण डोळ्यांना न दिसणारे फरक उरतात. गोऱ्हे या आडनावातला अर्धा ‘र’ संगणकात दोन प्रकारे साठवला जातो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह असते. कोणता प्रकार येणार हे कीबोर्डवर अवलंबून असते. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण साध्या शोधाला ते वेगळे शब्द वाटतात. ‘ॲ’चेही तसेच आहे: ते एकच अक्षर म्हणून येते किंवा ‘अ’ आणि त्यावरची खूण असे दोन भागांत येते. शिंदे आणि शिन्दे, पंडित आणि पण्डित ही अनुस्वाराची जोडी तर सर्वांच्या परिचयाची आहे. नाव समोर दिसत असूनही शोधात येत नसेल, तर ते यादीतून उचलून शोधाच्या चौकटीत चिकटवून पाहावे. तसे केल्यावर सापडले आणि हाताने टाइप केल्यावर सापडले नाही, तर दोष अशाच अदृश्य फरकाचा असतो. त्यावर उपाय म्हणजे शोध-रूप बनवताना या जोड्याही एका रूपात आणणे.

एवढे झाल्यावर उरलेल्या फरकांसाठी मोजमाप लागते. सर्वांत रुळलेले माप रशियन गणितज्ञ व्लादिमिर लेव्हेन्श्टाइन यांच्या १९६५च्या लेखातले आहे. एका शब्दाचा दुसरा शब्द करण्यासाठी कमीत कमी किती अक्षरे घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात, तेवढे त्या दोन शब्दांमधले अंतर. `Deshpande` आणि `Deshapande` यांत एक अक्षर घालावे लागते, म्हणून अंतर १. `Chauhan` चे `Chavan` करताना `u` चा `v` होतो आणि एक `h` गळतो, म्हणून अंतर २. याच्या वर्षभर आधी, १९६४ मध्ये, फ्रेडरिक डॅमेराउ यांनी टायपिंगच्या चुका तपासून दाखवले होते की शेकडा ८०हून अधिक चुका एकाच प्रमादाच्या असतात: एक अक्षर जास्त, एक कमी, एक चुकीचे किंवा शेजारची दोन उलटसुलट. घाईत `Kulkarni` चे `Kulkrani` होते ते या चौथ्या प्रकारात बसते. लेव्हेन्श्टाइनच्या मूळ मापात अशी अदलाबदल दोन चुका म्हणून धरली जाते. टेबलावर घाईत टाइप करणाऱ्यांसाठी ती एकच धरणे योग्य.

आता किती अंतर चालवून घ्यायचे हे ठरवावे लागते, आणि इथेच बहुतेक ठिकाणी गडबड होते. अंतर १ हा दहा अक्षरांच्या नावात किरकोळ फरक आहे, पण चार अक्षरांच्या नावात तोच माणूस बदलणारा फरक ठरतो. `Mane`, `Rane` आणि `Sane` या तिन्ही आडनावांत एकमेकांपासून फक्त एका अक्षराचे अंतर आहे. म्हणून मर्यादा शब्दाच्या लांबीनुसार बदलती हवी. शोधासाठी जगभर वापरली जाणारी इलॅस्टिकसर्च ही प्रणाली आपोआप मर्यादा ठरवताना दोन अक्षरांपर्यंतच्या शब्दाला एकही चूक माफ करत नाही, तीन ते पाच अक्षरांना एक आणि त्याहून लांब शब्दाला दोन चुका माफ करते. भारतीय नावांनाही हा हिशेब बऱ्यापैकी लागू पडतो. शिवाय आडनाव एकट्याने कधी तोलू नये. माने आणि राणे यांतला फरक पहिले नाव जोडले की आपोआप उघडा पडतो, कारण सुनीता माने शोधताना प्रकाश राणे दूर फेकले जातात. मधल्या नावाचे नुसते आद्याक्षर असेल तर ते जुळल्यास नाव वर सरकवावे, पण ते नसल्यामुळे नाव खाली ढकलू नये.

उच्चारावरून शोधण्याची एक जुनी पद्धतही आहे आणि तयार प्रणालींत ती सहज मिळते, म्हणून तिच्याबद्दल सावध करणे भाग आहे. साउंडेक्स ही पद्धत अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांच्या नावे १९१८ मध्ये पेटंट झाली. १९३०च्या दशकात तिथल्या जुन्या जनगणनांच्या सूच्या तिच्या आधारे तयार झाल्या. ती पहिले अक्षर तसेच ठेवते, स्वर टाकून देते आणि पुढच्या व्यंजनांना गटवार आकडे देते. कागदी कार्डांच्या काळात ही मोठीच सोय होती. इंग्रजी नावांसाठी आखलेली ही पद्धत मराठी नावांवर मात्र दोन्हीकडून फसते. भट आणि भिडे या दोघांनाही ती `B300` हा एकच आकडा देते, पाठक आणि पत्की यांना `P320`, काळे आणि कोळी यांना `K400`. उलट वाघांना `W200` आणि `V200` असे दोन वेगळे आकडे मिळतात, कारण पहिले अक्षर कधी बदलत नाही. जिथे जोडायला हवे तिथे ती तोडते आणि तोडायचे तिथे जोडते. मराठी यादीसाठी वर सांगितलेल्या जोड्यांचे आपले शोध-रूपच अधिक भरवशाचे.

नोंदींची संख्या लहान असण्याचा एक फायदाही आहे. कोट्यवधी नोंदींत शोधताना खास अनुक्रमणिका लागते. सहाशे काय, सहा हजार नावांची प्रत्येकाशी तुलना साधा लॅपटॉपही डोळ्याचे पाते लवण्याआधी करतो. त्यामुळे वेग वाढवण्याच्या नादात ‘पहिले अक्षर सारखे असेल तरच तुलना करा’ अशी काटछाट करण्याचे काही कारण नाही. तशी काटछाट केली की `Wagh` आणि `Vagh` पुन्हा वेगळे पडतात.

आता परिषदेतला एक प्रसंग पायरीपायरीने पाहू. अमरावतीचे ज्ञानेश्वर जाधव टेबलावर येतात आणि नाव सांगतात. त्यांनी स्वतः नोंदणी करताना `Jadhao Gyaneshwar R.` असे लिहिले आहे. स्वयंसेविका पुण्याची आहे. ऐकलेले नाव ती तिच्या सवयीने `Dnyaneshwar Jadhav` असे टाइप करते. यादीत नेमके याच स्पेलिंगचे एक नाव आहे, पण ते साताऱ्याच्या दुसऱ्या शिक्षकाचे.

साधा शोध इथे ‘सापडले नाही’ म्हणत नाही. एक नाव तंतोतंत सापडते, एकच सापडते, आणि स्वयंसेविका हजेरीवर टिचकी मारून साताऱ्याचा बिल्ला अमरावतीच्या हाती देते. तासाभराने साताऱ्याचे जाधव आले की पडदा सांगतो, ‘आधीच आले आहेत’. बऱ्याच फझी सर्च प्रणालीही इथेच चुकतात. आधी तंतोतंत जुळणी पाहायची आणि ती मिळाली नाही तरच ढोबळ शोधाकडे जायचे, अशी त्यांची रचना असते. रचना करणाऱ्याला ती तर्कशुद्ध वाटते. टेबलावर मात्र टाइप केलेले स्पेलिंग पाहुण्याचे नसतेच, ते ऐकणाऱ्याचे असते. म्हणून ते यादीशी तंतोतंत जुळल्याने काहीच सिद्ध होत नाही.

नीट बसवलेला शोध तंतोतंत जुळणी मिळाल्यावरही थांबत नाही. त्याच्या दृष्टीने वरच्या दोन्ही नोंदी सारख्याच आहेत:

```
Jadhao Gyaneshwar R.   ->  gyaneshvar jadhav r
Dnyaneshwar Jadhav     ->  gyaneshvar jadhav
Dyaneshwar S Jadhav    ->  dyaneshvar jadhav s
```

तिसरी नोंद नाशिकच्या एका शाळेच्या कार्यालयाने पाठवलेली आहे आणि तीत एक अक्षर गळले आहे. तिचे अंतर १ असल्याने तीही यादीत येते. पडद्यावर तीन ओळी दिसतात आणि प्रत्येक ओळीत नावाशेजारी गाव, शाळा आणि मोबाइल क्रमांकाचे शेवटचे चार अंक असतात. पूर्ण क्रमांक दाखवू नये, कारण टेबलाजवळ उभ्या असलेल्या कोणालाही तो वाचता येतो.

यानंतरचे काम माणसाचे. ‘तुम्ही साताऱ्याचे ना?’ असे विचारले, तर गोंगाटात अर्धवट ऐकलेला माणूस मान डोलावतो. ‘कुठून आलात?’ असे विचारले, तर तो अमरावती म्हणतो आणि ओळ आपोआप निवडली जाते. गावही एकच असेल तर मोबाइलचे शेवटचे चार अंक पाहुण्याकडून ऐकायचे, आपण वाचून दाखवायचे नाहीत. प्रशिक्षणात स्वयंसेवकांना दुसरे काही सांगता आले नाही तरी चालेल, पण प्रश्न विचारण्याची ही रीत सांगायलाच हवी.

एकापेक्षा जास्त नावे येण्याला संयोजक उगीच घाबरतात. तीन-चार ओळींतून एक निवडायला काही क्षण लागतात. ओळी आठ-दहाच्या पुढे गेल्या की मात्र स्वयंसेवक वाचणे सोडून सर्वांत वरची ओळ निवडू लागतात. तसे होऊ लागले तर मर्यादा सैल झाली आहे असे समजून ती घट्ट करावी, किंवा शोधात गाव जोडून घ्यावे.

नावातून सुटणार नाही असा भाग शेवटी उरतोच. लग्नानंतर आडनाव बदललेल्या शिक्षिकेच्या शाळेच्या यादीतल्या आणि बँकेतल्या नावांत अक्षरांचे काहीच साम्य नसते. ते अंतर कोणत्याही सूत्राने भरून येत नाही. नोंदणीच्या अर्जात ‘कागदपत्रांवरचे दुसरे नाव’ असा एक ऐच्छिक रकाना ठेवला आणि शोध त्यातही चालला, तर बराच प्रश्न सुटतो. उरलेल्यांसाठी मोबाइल क्रमांक. तोही स्वच्छ करून घ्यावा लागतो: `+91`, सुरुवातीचे शून्य आणि मधल्या जागा काढून शेवटचे दहा अंकच तोलायचे. मात्र शाळेच्या लिपिकाने आठ शिक्षकांची नोंदणी स्वतःच्या क्रमांकाने केलेली असू शकते. तेव्हा एका क्रमांकावर आठ नावे येतात आणि पुन्हा नावाकडेच वळावे लागते. म्हणून नाव, गाव आणि क्रमांक यांपैकी कोणतेही एकच निर्णायक मानू नये. दोन जुळली की हजेरी लावावी.

टेबलांची मांडणीही शोधाशी बांधलेली आहे. आद्याक्षरांप्रमाणे टेबले वाटण्याची जुनी पद्धत फझी सर्चचा फायदा घालवते. वाघ `V` च्या टेबलावर उभे राहतात, त्यांचे नाव `W` च्या यादीत असते आणि त्या लॅपटॉपवर ती यादीच नसते. प्रत्येक टेबलावर संपूर्ण यादी हवी आणि कोणीही कुठेही उभे राहिले तरी चालले पाहिजे. त्यासाठी सर्व लॅपटॉप एकाच यादीशी जोडलेले असावे लागतात, म्हणजे एका टेबलावर लागलेली हजेरी दुसऱ्यावर लगेच दिसते. सभागृहातले इंटरनेट तुटले तरी जवळचा एखादा राउटर लावून ही जोडणी चालू ठेवता येते.

शोध नीट चालला की नाही हे पहिल्या दिवशी संध्याकाळी कळते. ऐनवेळी नवी नोंद करून आत सोडलेल्यांची यादी आणि न आलेल्यांची यादी शेजारी ठेवून, मर्यादा एरवीपेक्षा सैल करून एकमेकींशी जुळवायची. दोन्हीकडे सारखा मोबाइल क्रमांक किंवा जवळपासचे नाव आढळले, तर तो माणूस यादीत होता आणि शोधाला सापडला नाही. ‘आधीच आले आहेत’ असे जेव्हा जेव्हा पडद्यावर आले, त्या प्रत्येक नोंदीच्या मागे मात्र चुकीच्या माणसाला दिलेला बिल्ला असण्याचा संभव असतो. तो बिल्ला कोणाकडे गेला हे त्याच रात्री शोधून दोन्ही नोंदी दुरुस्त कराव्यात, नाहीतर दुसऱ्या दिवशी उपस्थितीचे प्रमाणपत्रही भलत्याच नावाने निघते. न सापडलेल्या नावांची स्पेलिंगे त्या त्या नोंदीला पर्यायी नाव म्हणून जोडली आणि वारंवार दिसलेली एखादी जोडी शोध-रूपाच्या नियमांत घातली, की दुसऱ्या दिवशी सकाळी तीच माणसे पहिल्याच शोधात सापडतात.